गेटबाहेरचे तास कुणाच्या खात्यात?

‘ड्रायव्हर पाहिजे’ अशी जाहिरात हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरत येते. तिच्यात तीन आकडे असतात. किलोमीटरला अमुक, हॉल्टचे तमुक आणि जेवणाचा रोजचा भत्ता. खाली ठळक अक्षरांत गोळाबेरीज असते, ‘महिना २८ ते ३० हजार’. वाचणाऱ्याला वाटतं, वाईट नाही. जो गाडीवर चढतो त्याला दोन-तीन खेपांत कळतं, की यातला पहिला आकडा खरा आहे, दुसरा बहुतेक वेळा कागदावरच राहतो आणि तिसरा कमाईत धरण्यासारखा नाही. माझं म्हणणं हॉल्टच्या आकड्याबद्दल आहे. गाडी उभी राहिली तर तिच्या उभं राहण्याचा खर्च ज्याच्यामुळे ती उभी आहे त्याने भरावा, आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा मालकाच्या मर्जीवर न ठेवता बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या पावतीवर, वेगळा लिहिला जावा. आज तो खर्च सगळ्यांत जास्त ड्रायव्हरच भरतो, आणि भरतोय हे कुठल्याच कागदावर दिसत नाही.

एक खेप पूर्ण मांडून बघू. गाडी बारा चाकी, माल वीस टन, चाकणहून चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरला. पुण्याच्या पुढे सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे खंबाटकी, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, होसूर, वेल्लोर. एका बाजूने साधारण १२०० किलोमीटर, जाऊन-येऊन २४००. भाव गाडीनुसार आणि मालकानुसार बदलतात. हिशोबासाठी किलोमीटरला ४ रुपये धरू, हॉल्टचे ‘पहिले २४ तास सोडून’ दिवसाला ३०० आणि जेवणाचा भत्ता २५०.

सोमवारी सकाळी दहाला गाडी चाकणच्या कारखान्यापुढे लागते. पुढे बऱ्याच गाड्या आहेत. नंबर मंगळवारी सकाळी लागतो, दुपारी माल भरतात, कागद संध्याकाळी सहाला हातात येतात. बुधवार, गुरुवार, शुक्रवार गाडी पळते, दिवसाला सरासरी ४००. शुक्रवारी रात्री उशिरा श्रीपेरंबुदूर. शनिवारी सकाळी आठला गेटच्या आत घेतात, पण अर्धी पाळी, खाली करायला माणसं नाहीत. रविवारी बंद. सोमवारी दुपारी चारला गाडी खाली. मंगळवारी रिटर्न भाड्याची वाट, बुधवारी भाडं मिळतं आणि संध्याकाळपर्यंत भरून होतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार परतीचा प्रवास. रविवारी सकाळी पुण्याजवळच्या एका गोदामात गाडी रिकामी.

सोमवार ते पुढच्या पुढचा रविवार, चौदा दिवस. त्यातले सहा दिवस गाडी पळाली, आठ दिवस उभी होती. वाईट नशिबाची खेप मी मुद्दाम निवडलेली नाही. गाडी बिघडली नाही, अपघात नाही, घाटात दरड नाही, मध्ये सण नाही. लांब पल्ल्याच्या कुठल्याही ड्रायव्हरला ही खेप दाखवा, तो म्हणेल, चांगली गेली की.

आता पैसे. २४०० किलोमीटरचे ९,६०० रुपये. हॉल्ट किती? चाकणला गाडी सोमवारी दहाला पोचली खरी, पण हॉल्टचं घड्याळ गेटमध्ये शिरल्यावर सुरू होतं. मंगळवारी सकाळी आत, संध्याकाळी बाहेर, म्हणजे २४ तासांच्या आतलाच मामला, शून्य रुपये. श्रीपेरंबुदूरला शनिवारी आठपासून मोजायचं, पहिले २४ तास फुकट, मग रविवार ‘सुट्टी म्हणून धरत नाहीत’, उरला सोमवार. एक दिवस, ३०० रुपये. रिटर्न भाड्याच्या वाटेचा हॉल्ट कुणी द्यायचा? तेव्हा गाडीत कुणाचाच माल नव्हता, तेव्हा कुणीच नाही. शेवटच्या रविवारचं तर कुणी नावही काढत नाही. एकूण ९,९०० रुपये, चौदा दिवसांनी भागले तर दिवसाला ७०७. महिन्याचे साधारण २१,२००. आठवड्याची सुट्टी यात कुठे नाही, कारण ड्रायव्हरच्या कॅलेंडरमध्ये रविवार असतो तो पार्टीचा, म्हणजे ज्या कंपनीचा माल तिचा.

जाहिरातीतले २८ हजार आले कुठून? भत्ता मिळवून. चौदा दिवसांचे ३,५०० भत्त्याचे धरा, १३,४०० होतात, आणि त्या हिशोबाने महिना साडेअठ्ठावीस हजारांच्या वर जातो. आकडा खोटा नाही, पण त्यातले साडेसात हजार ढाब्यावर जाणार आहेत. घरापासून लांब असल्यामुळे जे विकत खावं लागतं त्याची ती भरपाई आहे. कायदाही तेच म्हणतो. कामाच्या स्वरूपामुळे जो खास खर्च करावा लागतो, त्यासाठी दिलेली रक्कम २०१९च्या वेतन संहितेच्या व्याख्येत वेतनात मोडत नाही. म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला की भत्ता पगारातून बाहेर, आणि माणूस भरती करायचा असला की आत.

भत्त्यात आणखी एक मेख आहे. बरेच मालक तो दिवसाला देतो म्हणतात, पण हिशोब करताना ‘या रूटला दहा दिवस’ असं ठरवून ठेवतात. खेपेला चौदा दिवस लागले तर वरच्या चार दिवसांचं जेवण ड्रायव्हरच्या खिशातून. आपल्या खेपेत ते हजार रुपये झाले, म्हणजे रोजचे ७०७ घसरून ६३६ वर आले. म्हणून तर केबिनमध्ये सीटमागे छोटी शेगडी, तेल-मिठाचा डबा आणि कांदे-बटाट्याची पिशवी दिसते. भत्त्यातून वाचवलेलेच पैसे घरी जातात, हे उघड गुपित आहे. बरं, रस्त्यावर ढाबा निवडता येतो. औद्योगिक वसाहतीत गेटसमोरच्या टपरीवर जे मिळेल ते, म्हणेल त्या भावाला. म्हणजे गाडी पळत असते तेव्हा जेवण स्वस्त आणि कमाई चालू. उभी असते तेव्हा नेमकं उलटं.

किलोमीटरचा दर मुळात वाईट, असं मी म्हणत नाही. त्याआधीचा ‘ठेका’ आठवा. खेपेचे एकरकमी पैसे हातावर, त्यातच डिझेल, टोल, पंक्चर, वाटेतली चिरीमिरी, आणि उरलं तर तुझं. त्यात काही बिनसलं की सगळा तोटा ड्रायव्हरचा. त्या मानाने किलोमीटरचा भाव सरळ आहे. मीटर खोटं बोलत नाही आणि जीपीएसमुळे मालकालाही खोटं बोलता येत नाही. अनेक ड्रायव्हरना तो आवडतो, आणि मेहनतीला भाव देणारी पद्धत कामगाराला आवडावी यात वावगं काही नाही. प्रश्न एवढाच, की या पद्धतीत जो वेळ ड्रायव्हरच्या हातात आहे त्याचे पैसे मिळतात आणि जो नाही त्याचे मिळत नाहीत. गाडी किती वेळात भरायची, गोदामात हमाल आहेत की नाहीत, मालाचा नमुना तपासून कधी येणार, कागद कुणाच्या सहीसाठी अडलेत, यातलं काहीही त्याला ठरवता येत नाही.

आणि हा वेळ विश्रांतीचा नसतो. लाइनमध्ये गाडी लावलेला ड्रायव्हर झोपतो तो एक कान उघडा ठेवून. रात्री दोनला पुढची गाडी सरकली की यालाही सरकावं लागतं, नाहीतर मागचा नंबर मारतो. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, आळीपाळीने डोळा लागायचा. खर्च वाचवायला मालकांनी क्लीनर कमी केले. आता डिझेलची टाकी, ताडपत्रीचे दोर, स्टेपनी, नंबर आणि फोन, सगळ्यावर एकट्याने लक्ष. गेटच्या आत संडास असतो, पण तो स्टाफचा.

या आठ दिवसांचा खर्च शेवटी रस्त्यावर वसूल होतो, आणि ही बाब मला सगळ्यांत गंभीर वाटते. ड्रायव्हरला घरी तीस हजार पाठवायचे असतील तर ४ रुपयांनी महिन्याला ७,५०० किलोमीटर हवेत. चौदातले सहाच दिवस गाडी पळणार असेल तर महिन्यात पळायचे दिवस जेमतेम तेरा. म्हणजे पळेल त्या दिवशी ५८० किलोमीटर. भरल्या ट्रकची सरासरी ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे जात नाही, तेव्हा तेरा-चौदा तास स्टिअरिंगवर. आपल्याकडे १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास म्हणत होता, लांब पल्ल्याला फार तर दहा. नाही म्हणायला तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकालाच लागू होता, दोन-तीन गाड्यांचा मालक त्यातून सुटायचा. आता त्याची जागा कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीबद्दलच्या २०२०च्या संहितेने घेतली आहे. पण कामाचे तास कागदावर मर्यादित ठेवायचे आणि मोबदला मात्र असा ठेवायचा की मर्यादा पाळणारा उपाशी राहील, ही विसंगती कलमं बदलून जात नाही.

युरोपीय संघाने हा धागा ओळखला आहे. तिथल्या ड्रायव्हरच्या तासांच्या नियमावलीत, २००६च्या ५६१ क्रमांकाच्या नियमात, एक स्पष्ट तरतूद आहे. रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर, मालाच्या वजनावर किंवा पोचवण्याच्या वेगावर आधारित पैसे वाहतूक कंपनीने ड्रायव्हरला देऊ नयेत, बोनस म्हणूनही नाही. आपल्याकडे अपघात झाला की ‘ड्रायव्हरला डुलकी लागली’ एवढ्यावर बातमी संपते. आदल्या तीन दिवसांत ती गाडी कुठल्या गेटवर उभी होती, हे कुणी विचारत नाही.

आपल्या १९६१च्या कायद्यातली एक व्याख्या तर वाचून थांबावं अशी होती. कामाच्या तासांत टर्मिनलवरच्या नुसत्या हजेरीचा काळ धरायचा, पण तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. पंधरा मिनिटांच्या वर थांबलात की तो काळ मोजायचा की नाही यावर वाद घालायला वाव राहतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा वेळापत्रकावर धावणारी एसटी असावी, फलाटावर दहा मिनिटं उभी राहून सुटणारी. चाकणच्या गेटबाहेर रात्रभर उभा असलेला ट्रक त्या व्याख्येत बसत नाही.

थांबण्याला पैसे लावायचे म्हटलं की पहिला आक्षेप मालकाचा येतो, आणि तो निम्मा तरी खरा आहे. आपल्याकडे बहुतेक गाड्या छोट्या मालकांच्या. मोठी पार्टी भाड्याचे पैसे दोन-तीन महिन्यांनी देते. हॉल्टिंगचं बिल लावलं की बॅलन्स देताना ‘हे नाही बसत’ म्हणून कापते, आणि पुढची गाडी भरायची असल्याने मालक गप्प बसतो. मलाच मिळत नाही तर ड्रायव्हरला कुठून देऊ, असं तो म्हणतो तेव्हा नेहमीच थापा मारत नसतो. पण जेव्हा मिळतं तेव्हाचं काय? पार्टीकडून गाडीच्या हॉल्टचे दिवसाला दोन हजार वसूल झाले तरी ड्रायव्हरच्या हातात तीनशेच पडतात, कारण किती वसूल झाले हे त्याला कळायची सोयच नाही. उभ्या गाडीचा हप्ता, विमा, परमिट चालू असतं हे मान्य. उभ्या माणसाचं घरही चालू असतं.

दुसरा आक्षेप, थांबण्याचे पैसे दिले तर ड्रायव्हर ढाब्यावरच झोपेल. दहा वर्षांपूर्वी याला थोडा अर्थ होता. आज गाडीत जीपीएस आहे, टोलनाक्याची वेळ फास्टॅगमध्ये उमटते, गाडी कुठे किती मिनिटं उभी होती हे मालक घरबसल्या फोनवर बघतो. तीन मिनिटं जास्त थांबली तरी फोन येतो, ‘काय रे, गाडी का उभी?’ ढाब्यावरचं थांबणं आणि पार्टीच्या गेटवरचं थांबणं वेगळं काढणं आता मुळीच अवघड नाही. जीएसटी आल्यावर २०१७मध्ये राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, २०२१पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्यावरचा खोळंबा सरकारने कमी केला. उरला तो गेटवरचा, आणि तो खासगी आहे.

अडचण मोजण्याची नाही, मोजायला कुठून सुरुवात करायची याची आहे. गाडी पोचली की ड्रायव्हर सिक्युरिटीच्या खिडकीशी जातो.

“साहेब, बिल्टीवर टायमिंग टाकून द्या की.”

“आत आल्यावर टाकतो. बाहेरचं आमच्याकडे नसतं.”

या एका उत्तरात अख्खा सोमवार गेला. गेटबाहेरचा रस्ता हे कंपनीचं बिनभाड्याचं गोदाम झालं आहे आणि त्याचं भाडं ड्रायव्हर भरतो. ज्या कारखान्यांनी गाड्यांना आधी वेळ ठरवून द्यायला सुरुवात केली, तिथे रांगा कमी होतात. बाकीच्यांनी ते करावं असं वाटत असेल तर रांगेचा खर्च त्यांच्या खिशाला लागला पाहिजे. आज लागत नाही, म्हणून वीस गाड्या एकदम बोलावून ठेवायला कुणाचं काही जात नाही.

याच गेटच्या आत वेगळं चित्र आहे, आणि ते महाराष्ट्राने घडवलेलं आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं, १९६९चा माथाडी कायदा झाला, मंडळं बनली. ज्या गोदामात माथाडी मंडळ आहे तिथल्या हमालाचा दर ठरलेला असतो, मजुरी मंडळामार्फत मिळते आणि भविष्यनिर्वाह निधीही जमा होतो. मंडळाच्या नावाखाली काही ठिकाणी दादागिरी चालते हेही खरं, ते झाकायचं कारण नाही. पण पोत्याला भाव असावा आणि तो मालकाच्या मनावर नसावा, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी या राज्यात मान्य झाली. त्याच पोत्यांची गाडी घेऊन आलेला माणूस गेटबाहेर बसून असतो आणि त्याच्या तासाला भाव नाही. उलट, माल खाली करायची हमाली, म्हणजे वाराई, कित्येकदा त्याच्याच अॅडव्हान्समधून जाते. वाहतूकदारांनी त्यावर ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी घोषणा दिली, ती योग्यच होती. तिचा पुढचा भाग त्यांनी अजून उच्चारलेला नाही, ज्याचं गेट त्याचा हॉल्ट. आणि तो हॉल्ट नुसता गाडीचा नव्हे.

मग करायचं काय? वाहतूकदार जी बिल्टी देतो तिच्यावर तीन रकाने वाढवावेत. गाडी गेटशी पोचल्याची वेळ, गेटबाहेर पडल्याची वेळ, आणि ड्रायव्हरचा हॉल्ट, मालकाच्या हॉल्टपासून वेगळा. पोचल्याची वेळ जीपीएसची धरावी, सिक्युरिटीच्या शिक्क्याची नको. फुकटचे तास २४ ऐवजी ६ असावेत, कारण गाडी भरायला-रिकामी करायला इतका वेळ पुरतो. रात्री पोचलेल्या गाडीचं घड्याळ सकाळी आठपासून सुरू करा, पण एकदा सुरू झालं की रविवारी थांबवू नका. आणि दर किती? पळत्या दिवशी ड्रायव्हर १,६०० कमावतो. त्याच्या निम्मे, ८०० रुपये, म्हणजे तासाला ३३. यापेक्षा कमी ठेवला तर पार्टीला तो जाणवणारच नाही. पळण्याइतकाच ठेवला तर उभं राहणं आणि चालवणं सारखंच होईल, तेही बरोबर नाही.

आपल्या खेपेला हा हिशोब लावू. चाकणला सोमवारी दुपारी चारपासून मंगळवारी सहापर्यंत २६ तास. श्रीपेरंबुदूरला शनिवारी दुपारी दोनपासून सोमवारी चारपर्यंत ५० तास. मिळून ७६ तासांचे साधारण २,५०० रुपये, पार्टीने द्यायचे. रिटर्न भाड्याची वाट बघण्याचे दोन दिवस मालकाचे, कारण भाडं शोधणं हा त्याचा धंदा आहे, त्याचे १,६००. किलोमीटरचे ९,६०० आहेतच. एकूण १३,७००, म्हणजे दिवसाला ९८० च्या आसपास, महिना २९ हजारांच्या वर, भत्ता सोडून. समजा हीच खेप गेटवर न रखडता दहा दिवसांत झाली असती तर जुन्याच पद्धतीने त्याला दिवसाला ९६० मिळाले असते. दोन्ही आकडे जवळपास सारखे. गेट हळू आहे की चपळ, याचा फटका त्याच्या घराला बसेनासा होतो, आणि रखडलेल्या दिवसांची भरपाई रात्री तुमकूरच्या पुढे एक्सलेटर दाबून करायची गरजही उरत नाही.

भत्ता मात्र दिनदर्शिकेप्रमाणे, रूटच्या ठरीव दिवसांप्रमाणे नाही. यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. माणूस जितके दिवस घराबाहेर, तितके दिवस जेवतो.

महागाई वाढेल, असं कुणीतरी म्हणणारच. पार्ट्यांवर पडलेले २,५०० रुपये वीस टनांवर वाटा. किलोला साडेबारा पैसे पडतात. आणि तेही गाडी दोन्ही गेटांवर मिळून तीन दिवसांच्या वर रखडवली तरच, सहा-सहा तासांत सोडली तर शून्य.

सरकारने सगळ्यांवर हे एकदम लादावं असं मला वाटत नाही. अंमलबजावणीला माणसं नाहीत, आणि कागदी नियम छोट्या मालकालाच आधी कापतात. सुरुवात सार्वजनिक कंपन्या आणि सरकारी महामंडळांच्या वाहतूक निविदांतून व्हावी. खत, धान्य, गॅस सिलिंडर, सिमेंट यांच्या गाड्या त्यांच्याही गेटवर उभ्या असतात, आणि निविदेत एक कलम घालायला कायदा बदलावा लागत नाही. दुसरी सुरुवात वाहतूकदार संघटनांनी करावी. हॉल्टिंगचे दर वाढवा म्हणून त्या वेळोवेळी पत्रकं काढतात, दहा चाकीला इतके, ट्रेलरला इतके. पुढचं पत्रक काढताना गाडीच्या दरासमोर ड्रायव्हरच्या दराचा रकाना त्यांनी स्वतःच छापावा, म्हणजे पार्टीकडून दोन हजार आले की त्यातले आठशे कुणाचे, हे ड्रायव्हरला शेठना विचारावं लागणार नाही.